तीन मीटरवरचे पाणी, तीस मीटरचा पंप

शेततळ्यावर सौरपंप बसवला की पहिल्याच उन्हाळ्यात एक कोडे समोर येते. सकाळी नऊला पंप सुरू केला आणि पाइप तळ्याच्या बांधावरच उघडा सोडला, तर पाणी धो-धो पडते. तोच पाइप ठिबकला जोडला की पहिल्या दोन-चार ओळींत थेंब दिसतात आणि शेवटच्या झाडांना टिपूसही मिळत नाही. दुपारी बारा वाजता मात्र सगळ्या ओळी व्यवस्थित चालतात. मग कुणी म्हणते पंप लहान पडला, कुणी म्हणते पॅनेल कमी वॅटचे आले. पुढच्या वेळी तीनऐवजी पाच एचपीचा अर्ज भरायचे ठरते.

पंप खरोखर लहान आहे की नाही, हे एचपीवरून कळत नाही. त्यासाठी उलट्या टोकापासून सुरुवात करावी लागते: झाडाला रोज किती लिटर पाणी लागते, ते पाणी किती मीटर ‘उचलावे’ लागते, आणि दिवसाच्या कोणत्या तासांत द्यायचे आहे. हे तीन प्रश्न क्रमाने सोडवले की पॅनेलचा आकडा आपोआप हाती येतो. सांगोल्यासारख्या कोरड्या भागातली दोन एकर डाळिंबाची बाग आणि ३० × ३० × ३ मीटरचे शेततळे उदाहरणाला घेऊन हा हिशेब शेवटपर्यंत करून पाहू.

आधी लिटर: झाड रोज किती पिते?

झाडाची तहान हवामान ठरवते. ऊन, वारा आणि कोरडी हवा जमिनीवरच्या व पानांतल्या पाण्याची वाफ करत असतात, आणि ती वाफ पावसासारखीच मिलिमीटरमध्ये मोजतात. हवामान केंद्रात पाण्याने भरलेले एक उघडे पसरट भांडे ठेवलेले असते. त्यातली पातळी दिवसाभरात किती उतरली, ते रोज नोंदवले जाते. एप्रिल-मेमध्ये ही पातळी दिवसाला १० मिलिमीटर उतरते असे धरू. उघड्या तापलेल्या भांड्यातून शेतापेक्षा जास्त पाणी उडते, म्हणून या आकड्याला ०.७ ने गुणतात. राहिले ७ मिलिमीटर.

आता झाडाकडे वळू. वाढलेले, फळांवर असलेले डाळिंब या ७ मिलिमीटरच्या सुमारे ८० टक्के पाणी वापरते असे धरले, तर ५.६ मिलिमीटर होतात. लागवड ४.५ × ३ मीटर असेल तर एका झाडाच्या वाट्याला साडेतेरा चौरस मीटर जमीन येते. पण ठिबकमध्ये सगळी जमीन भिजवायची नसते. झाडाचा घेर आणि मुळांचा पसारा जेवढ्यावर असतो तेवढीच धरायची, म्हणजे इथे साधारण ४० टक्के. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. त्यामुळे गुणाकार सोपा आहे: ५.६ × १३.५ × ०.४ म्हणजे सुमारे ३० लिटर. ठिबकमध्येही दहा टक्के पाणी इकडेतिकडे जाते. ते धरून एका झाडाला दिवसाला ३४ लिटर.

या अंतराने एकरी ३०० झाडे बसतात. दोन एकरांत ६००. म्हणजे ऐन उन्हाळ्यात बागेची रोजची गरज २०,४०० लिटर, अर्थात सुमारे २० घनमीटर. झाडे लहान असतील, अंतर वेगळे असेल किंवा माती हलकी असेल तर आकडे बदलतील, पण रीत हीच राहील. वर्षाची सरासरी मात्र इथे काढू नये. पंप सर्वात तहानलेल्या महिन्यासाठी निवडायचा असतो. ऑगस्टमध्ये तो निम्मा वेळ बंद राहिला तरी बिघडत नाही.

तळ्यात तेवढे पाणी आहे का?

पंपाचा विचार करण्याआधी तळ्यालाही हा आकडा विचारून घ्यावा. तीस मीटर लांब-रुंद आणि तीन मीटर खोल म्हटले तरी तळ्याच्या बाजू तिरप्या असतात. उतार एकास एक असेल तर तळाशी २४ × २४ मीटरच उरतात, आणि काठोकाठ भरले तरी २,१९६ घनमीटर, म्हणजे सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. प्लास्टिकचा कागद अंथरला असेल तर झिरपा थांबतो, पण ऊन वाटा घेतच राहते. फेब्रुवारीच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत रोज सरासरी सहा मिलिमीटर वाफ धरली तर चार-पाच लाख लिटर नुसते उडून जातात. तळाशी फूटभर गाळाचे पाणी पंपाने उपसू नये, त्यात आणखी सुमारे पावणेदोन लाख लिटर अडकतात.

उरलेल्या सोळा लाख लिटरमधून रोज सरासरी १६,००० लिटर काढले, तर तळे शंभरेक दिवस पुरते. आंबे बहार धरलेल्या दोन एकर बागेला हे जेमतेम पुरेसे आहे. हा हिशेब पंपाच्या आधी करण्याचे कारण असे की मोठ्या पंपाने तळ्यातले पाणी वाढत नाही, ते फक्त लवकर संपते. विजेचे बिल येत नसल्यामुळे ते संपतानाही लक्षात येत नाही.

मग मीटर: तिनाचे तीस कसे होतात?

तळ्यातले पाणी फार तर तीन मीटर खाली असते. तरीही या बागेला ३० मीटर ‘हेड’चा पंप लागतो. हेड म्हणजे पंपाने पाण्याला दिलेला एकूण जोर, उंचीच्या भाषेत मोजलेला. पाणी वर चढवायला जोर लागतो हे उघड आहे. पण पाइपात घासून पुढे जायला, फिल्टरमधून गाळून निघायला आणि ड्रिपरच्या बारीक वाटेतून ठरलेल्या वेगाने बाहेर पडायलाही जोरच लागतो. या प्रत्येक कामाचे मीटर करून बेरीज करायची असते. दाबाचे मीटर करणे सोपे आहे: गेजवरचा एक किलो दाब म्हणजे १० मीटर उंच पाण्याचा स्तंभ.

आपल्या बागेची बेरीज अशी होते. मे महिन्यात तळे खाली गेलेले असताना पाणी बांधापर्यंत ओढायला ३ मीटर. बागेचे वरचे टोक बांधापेक्षा ४ मीटर उंच आहे, त्याचे ४. तळ्यापासून बागेपर्यंत २०० मीटर पाइप, वळणे आणि फूटव्हॉल्व्ह यांचे मिळून २. शेततळ्याच्या पाण्यात शेवाळ असते, म्हणून सॅन्ड फिल्टर आणि त्यापुढे जाळीचा फिल्टर लागतो. त्या दोघांचे ६. बागेतल्या सबमेन व लॅटरलचे ३. आणि शेवटी साध्या ड्रिपरला नीट चालायला एक किलो दाब हवा, त्याचे १०. एकूण २८ मीटर. थोडी सूट ठेवून ३० धरू.

या तिसांपैकी खरी उंची फक्त सातच मीटर आहे. उरलेले तेवीस मीटर डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून ते हिशेबातून सुटतात. सुरुवातीच्या कोड्याचे अर्धे उत्तर इथेच मिळते. बांधावर उघड्या पाइपातून पाणी काढताना पंपाला चार-पाच मीटरचेच काम असते. ते नऊच्या कोवळ्या उन्हातही होते. ठिबक जोडताच त्याच पंपाला तीस मीटर गाठावे लागतात.

या बेरजेतली एक रक्कम आपल्या हातात असते, ती म्हणजे पाइपाची जाडी. तासाला ४,८०० लिटर पाणी २०० मीटर न्यायचे असेल, तर ६३ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपात साधारण एक मीटर हेड खर्च होतो. तेच पाणी ५० मिलिमीटरच्या पाइपातून नेले तर साडेतीन मीटर लागतात. आणि त्याच बारीक पाइपातून दुप्पट पाणी ढकलायचे ठरवले तर हा खर्च दुप्पट न होता साडेतीन पटींच्या पुढे जातो, म्हणजे बारा मीटरच्या वर. पाइपावर वाचवलेले पैसे पुढे पॅनेलवर खर्च होतात, ते असे. खत सोडायला व्हेंच्युरी वापरत असाल तर तीही चालू असताना पाच ते दहा मीटर खाते, तिची नोंद वेगळी ठेवावी.

लिटर आणि मीटर मिळून युनिट

आता दोन्ही आकडे एकत्र आणू. एक युनिट वीज, म्हणजे एक किलोवॅट-तास, अजिबात वाया न जाता वापरली तर ३६७ घनमीटर पाणी एक मीटर उचलते. म्हणून घनमीटरला मीटरने गुणायचे आणि ३६७ ने भागायचे. २०.४ × ३० ÷ ३६७ म्हणजे सुमारे १.७ युनिट. दोन एकर डाळिंबाला ऐन मेमध्ये दिवसभराचे पाणी द्यायला प्रत्यक्ष पाण्यात एवढीच ऊर्जा जाते.

पण वाटेत गळती असते. लहान पंप मिळालेल्या ताकदीपैकी साधारण निम्मीच पाण्याला देतो, आणि त्याला फिरवणारी मोटर विजेच्या ८० टक्के. दोन्ही मिळून ४० टक्के. म्हणजे मोटरला ४.२ युनिट पुरवावी लागतात. त्याआधी पॅनेलकडे पाहा. पॅनेलवर लिहिलेले वॅट हे प्रयोगशाळेतले असतात, पॅनेल २५ अंश तापमानाला असताना आणि त्यावर पूर्ण तेजाचे ऊन, म्हणजे चौरस मीटरला १००० वॅट, पडत असताना मोजलेले. मेच्या दुपारी पॅनेलची काच ६५ अंशांपर्यंत तापते, आणि प्रत्येक अंशामागे पॅनेल ०.३५ ते ०.४ टक्का ताकद गमावते. एवढ्यानेच सुमारे १५ टक्के गेले. धूळ, वायर आणि कंट्रोलर यांचा वाटा धरला की हाती ७५ टक्के उरतात. मेमध्ये ऊन जेवढे डोळे दिपवते तेवढी वीज पॅनेल देत नाही, हे लक्षात ठेवावे. ४.२ ला ०.७५ ने भागले की पॅनेलकडून अपेक्षित आकडा येतो ५.६ युनिट.

आता एकच भागाकार उरला. सकाळी ऊन तिरपे असते, दुपारी सरळ, संध्याकाळी पुन्हा तिरपे. दिवसभराचे हे सगळे कमीजास्त ऊन गोळा करून पूर्ण तेजाच्या तासांत मांडले तर सोलापूर भागात उन्हाळ्यात साडेपाच तास भरतात असे धरू. ५.६ भागिले ५.५ म्हणजे एक किलोवॅट. म्हणजे हजार वॅटचे पॅनेल पुरे?

बरेच हिशेब इथे थांबतात. ठिबकसाठी तिथे थांबता येत नाही.

दिवसभराची बेरीज ठिबकला का चालत नाही?

समजा एक बैलजोडी गाडीतून दिवसभरात वीस पोती सपाटीवरून सहज वाहून नेते. तीच गाडी घाटाच्या चढाला लागली की प्रश्न दिवसभराच्या कामाचा राहत नाही, त्या क्षणी खांद्यात किती जोर आहे याचा होतो. तेवढा जोर नसेल तर गाडी हळू चढत नाही, ती थांबते किंवा मागे येते. सकाळपासून थोडा थोडा जोर साठवून तो चढावर वापरता येत नाही.

विहिरीतून शेततळे भरणे हे सपाटीचे काम आहे. कोवळ्या उन्हात पंप हळू फिरेल, थोडे पाणी येईल, पण आलेला प्रत्येक लिटर तळ्यात जमा होईल. तिथे दिवसाची बेरीज लागू पडते. तळ्यातून ठिबकला पाणी देणे हा मात्र चढ आहे. ड्रिपरला एक किलो दाब एकतर मिळतो किंवा मिळत नाही, आणि सकाळचा अर्धा किलो दाब व दुपारचा अर्धा किलो मिळून एक किलो होत नाही.

सौरपंपात हे का घडते, ते पाहण्यासारखे आहे. ऊन कमी झाले की कंट्रोलर मोटरला बंद न पाडता तिची गती उतरवतो. पंपाला लागणारी ताकद गतीच्या घनाच्या प्रमाणात कमी होते, आणि त्याचा हेड गतीच्या वर्गाच्या. म्हणजे मोटरला निम्मीच वीज मिळाली तर गती ८० टक्क्यांवर येते. ऐकायला ठीक वाटते. पण हेड ०.८ चा वर्ग, म्हणजे ६४ टक्के होतो, आणि तिसाचे एकोणीस मीटर उरतात. त्यातले सात मीटर खऱ्या उंचीत जातात, ते कमी होत नाहीत. पाइप, फिल्टर आणि ड्रिपर यांच्या वाट्याला आधी तेवीस मीटर होते, आता बाराच राहिले. ड्रिपरला दहाऐवजी जेमतेम पाच मीटर दाब मिळतो आणि त्याचे पाणी सत्तर टक्क्यांवर येते. हे सरासरी झाले. पंपाजवळच्या ओळींना जास्त आणि उंचावरच्या टोकाला त्याहून बरेच कमी. कोड्याचे उरलेले अर्धे उत्तर हे आहे.

शेवटी पॅनेल: तासांचा हिशेब

म्हणून दुसरा हिशेब त्या क्षणाच्या ताकदीचा करायचा. प्रत्येक झाडाला तासाला ४ लिटरचे चार ड्रिपर आहेत, म्हणजे तासाला १६ लिटर. ३४ लिटर द्यायला दोन तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. सहाशे झाडे एकदम चालवली तर तासाला ९,६०० लिटर लागतील, एकेक एकर आळीपाळीने चालवले तर ४,८००. आळीपाळीने दोन्ही एकर भिजवायला सव्वाचार तास लागतात.

तासाला ४.८ घनमीटर, ३० मीटर हेड: ४.८ × ३० ÷ ३६७ म्हणजे ०.३९ किलोवॅट पाण्याला हवेत. पंप-मोटरचे ४० टक्के धरून मोटरला ९८० वॅट. आता मघाचे हजार वॅटचे पॅनेल पाहा. भर दुपारी उष्णतेचा व धुळीचा वाटा जाऊन ते ७५० वॅट देते. म्हणजे दिवसभराच्या बेरजेत पुरेसे ठरलेले पॅनेल बारा वाजताही ठिबकला पूर्ण दाब देऊ शकत नाही.

९८० ला ०.७५ ने भागले तर १,३०० वॅट येतात, पण तेही फक्त पूर्ण तेजाच्या उन्हात पुरतील. आपल्याला सव्वाचार तास हवेत. मेमध्ये निरभ्र दिवशी साधारण दहा ते तीन या वेळात ऊन पूर्ण तेजाच्या ७० टक्क्यांच्या वर असते. त्या वेळेच्या सुरुवातीलाच दाब मिळायला हवा असेल, तर १,३०० ला पुन्हा ०.७ ने भागायचे. उत्तर येते सुमारे १,९०० वॅट. ऊर्जेच्या हिशेबाने एक किलोवॅट, तासांच्या हिशेबाने जवळजवळ दोन. ठिबकसाठी दुसरा आकडा खरा.

महाराष्ट्रात ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अडीच एकरांपर्यंतच्या जमिनीला तीन एचपीचा पंप मिळतो, आणि तीन एचपीला ३,००० वॅटचे पॅनेल येते. आपल्या बागेला ते पुरून उरते. एक एकर चालवायला लागणारे ९८० वॅट या पॅनेलमधून ऊन ४५ टक्क्यांवर असतानाही निघतात, म्हणजे सकाळी लवकर सुरुवात करता येते, किंवा ढग येऊन गेला तरी वेळ हाताशी राहतो. भर दुपारी दोन्ही एकर एकदम चालवायचे असतील तर तेही जमते, फक्त पाइप ७५ मिलिमीटरचा आणि फिल्टर तेवढ्या पाण्याचे हवेत. सकाळच्या उन्हात दोन्ही एकर एकदम उघडले की पुन्हा टोके कोरडी राहणार. त्यामुळे तीन एचपी असतानाही ‘पंप कमी पडतो’ असे वाटले तर आधी एक व्हॉल्व्ह बंद करून पाहावे.

एचपी तोच, पंप वेगळा

एकाच एचपीचे पंप वेगवेगळ्या हेडसाठी बनवलेले असतात. तीन एचपीचा एक पंप तीस मीटरवर भरपूर पाणी देतो, दुसरा सत्तर मीटरवर थोडे. बोअरवेलसाठी बनवलेला सत्तर मीटरचा पंप शेततळ्यावर लावला तर त्याची ताकद आपल्याला नको असलेल्या उंचीसाठी राखलेली असते, आणि तीस मीटरवर तो आपल्या सोयीच्या कामापासून दूर, कमी कार्यक्षमतेने चालतो. उलट दहा-पंधरा मीटरचा पंप घेतला तर उघड्या पाइपातून पाण्याचा लोंढा दिसेल आणि ठिबकमध्ये काहीच चालणार नाही. अर्ज भरताना एचपीबरोबर हेड लिहिणे म्हणून महत्त्वाचे. प्रत्येक पंपाबरोबर हेड आणि पाणी यांचा तक्ता असतो. त्यात ३० मीटरच्या ओळीसमोर तासाला ४,८०० लिटर किंवा जास्त दिसले पाहिजेत.

पंप बांधावर ठेवला तर त्याने ओढायची उंची कमीत कमी ठेवावी. हवेचा दाब पाण्याला सिद्धांताने दहा मीटरच वर ढकलू शकतो, व्यवहारात सहा-सात. तीन मीटरचे तळे त्यात बसते. ओढणारा पाइप तरंगत्या डब्याला बांधून पाण्याच्या पृष्ठभागाखाली फूट-दीड फूट ठेवला तर गाळ येत नाही आणि फूटव्हॉल्व्ह कागदावर घासून तो फाटतही नाही.

दोन गेज आणि एक मापाचा पेला

हिशेब बरोबर उतरला की नाही, हे शेतातच तपासता येते. फिल्टरच्या आधी आणि नंतर एकेक प्रेशर गेज लावावे. स्वच्छ फिल्टरमध्ये दोन्हींतला फरक ०.२ ते ०.३ किलो असतो. तो ०.५ च्या पुढे गेला की शेवाळ साचले, सॅन्ड फिल्टर उलट्या प्रवाहाने धुवायची वेळ झाली. मे महिन्यात तळे खाली गेले की शेवाळ दाट होते, आणि नेमके तेव्हाच पाणी सर्वात जास्त लागते. सौरपंपाच्या म्हणून येणाऱ्या कितीतरी तक्रारी या फिल्टरमध्ये मिटतात.

दुसरी तपासणी ड्रिपरची. तासाला ४ लिटरचा ड्रिपर एका मिनिटात ६७ मिलिलिटर देतो. पहिल्या ओळीतला एक आणि सर्वात वरच्या टोकाचा एक, असे दोन ड्रिपर सकाळी दहाला आणि दुपारी बाराला एकेक मिनिट मापाच्या पेल्यात धरावे. चारही आकडे साठच्या वर असतील तर पंप, पाइप आणि पॅनेल जुळले आहेत. दुपारी ६७ आणि सकाळी ४७ येत असतील तर दहाच्या उन्हात पॅनेल कमी पडते आहे. त्यावर उपाय दोनच: एका वेळी कमी झाडे उघडणे किंवा सुरुवात उशिरा करणे. दुपारीही टोकाला ४७ आणि पहिल्या ओळीत ६७ असतील तर पॅनेलचा दोष नाही, बागेतले पाइप बारीक आहेत. आणि सगळीकडे, सगळ्या वेळी कमी असेल तर आधी फिल्टरवरचे गेज, मग पॅनेलवरची धूळ, मग सावली पाहावी. पॅनेल एकामागे एक जोडलेली असतात, त्यामुळे एका पॅनेलवर बाभळीची फांदी आडवी आली तरी सगळ्या माळेची वीज घटू शकते.

थोडक्यात हिशेब

| पायरी | रीत | आपल्या बागेत |
|---|---|---|
| रोजचे पाणी | झाडे × उन्हाळ्यातले लिटर | ६०० × ३४ = २०,४०० लिटर |
| एकूण हेड | उंची + पाइप + फिल्टर + ठिबकचा दाब | ३० मीटर |
| तासाचे पाणी | एका वेळी उघडलेली झाडे × ड्रिपरचे लिटर | ३०० × १६ = ४,८०० लिटर |
| मोटरला वीज | घनमीटर × मीटर ÷ ३६७ ÷ ०.४ | सुमारे ९८० वॅट |
| पॅनेल | मोटरची वीज ÷ ०.७५ ÷ ०.७ | सुमारे १,९०० वॅट |

तक्त्यातल्या तिसऱ्या ओळीवर शेतकऱ्याचा सर्वात जास्त ताबा असतो. बागेचे दोनऐवजी तीन भाग केले तर तासाचे पाणी ३,२०० लिटरवर येते आणि पॅनेल १,३०० वॅटच्या आत भागते, पण पाणी पुरे करायला सव्वासहा तासांहून जास्त वेळ लागतो आणि दहा ते तीनमध्ये तो बसत नाही. भाग कमी केले तर वेळ वाचतो आणि पॅनेल वाढते. किती झाडे एका वेळी उघडायची, हा निर्णय पंप आणण्याआधी कागदावर घ्यावा. एकदा पाइप गाडले की तो बदलणे महागात पडते.